तीन विमे, दोन ईमेल

आमच्या साहेबांना दोन गोष्टींची भीती वाटते, एक हेड ऑफिसची आणि दुसरी बायकोची. त्यांच्या बायकोला मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. हेड ऑफिसचं मात्र असं, की तिकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या तरी साहेब आधी केबिनचं दार लावून घेतात आणि मग वाचतात.

मी या विमा शाखेत एकोणीस वर्षं पत्रव्यवहार बघते. गिऱ्हाईक काहीबाही विचारतं, उत्तर मी लिहिते, आणि खाली नाव साहेबांचं जातं. शाखेत आठ माणसं आहेत, पण सांगण्यासारखी दोनच. एक साहेब आणि दुसरा आमचा सगळ्यात जास्त धंदा आणणारा एजंट. त्याला कंपनीने कधीतरी एक सोनेरी पिन दिली. ती तो शर्टावर लावतो आणि थंडीत स्वेटर घातला की स्वेटरवर लावतो. म्हणून आम्ही सगळे त्याला सोनेरी म्हणतो. त्याला ते कौतुक वाटतं, आणि आम्हीही त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

आता आमच्याकडे विकतात काय, ते सांगते, म्हणजे पुढचा तमाशा कळेल. आयुष्याचा विमा मुख्यतः तीन तऱ्हेचा. टर्म, एंडोमेंट आणि युनिट-लिंक्ड. टर्मचा हप्ता लहान आणि कव्हर, म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांना मिळणारी रक्कम, मोठं. बाकी दोघांत हप्ता मोठा आणि त्या मानाने कव्हर चिमूटभर. आणि शाखेचं टार्गेट मोजतात हप्त्यावर. एखाद्या बाईच्या पाठीमागे तिच्या पोरांना किती मिळणार, याचा रकाना आमच्या महिन्याच्या तक्त्यात नाहीच. सोनेरीचा वाटाही हप्त्यावर. तेव्हा टर्म कोण विकणार? कोणी अगदी नाव घेऊन मागितलीच तर सोनेरी असा चेहरा करतो, की समोरच्या माणसाला वाटावं आपण काहीतरी अशुभ बोललो.

पहिल्यांदा विमा घेणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक ठरलेला ईमेल आहे. मीच लिहिलेला. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, हे आत्ताच सांगून टाकते. त्यात ‘सुरक्षा आणि संपत्ती, दोन्ही एकत्र’ असं सुरुवातीला येतं, मग हसऱ्या कुटुंबाचा फोटो, मग युनिट-लिंक्डबद्दल तीन परिच्छेद, एंडोमेंटबद्दल दोन आणि टर्मबद्दल अगदी शेवटी एक ओळ. ती ओळ अशी: ‘यात मुदत संपल्यावर काहीही परत मिळत नाही.’ ही एकच ओळ ठळक अक्षरांत आहे. ठळक करायची कल्पना साहेबांची होती, त्यांच्या आयुष्यातली बहुधा एकमेव.

त्या मंगळवारी सकाळी एक ईमेल आला. तो असा होता:

‘नमस्कार. मी छत्तीस वर्षांची आहे. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग विभाग सांभाळते. घरात कमावणारी मी एकटी. नवऱ्याची कंबर दोन वर्षांपूर्वी कामावर दुखावली, तो घरी असतो. मुलं दोन, नऊ आणि पाच वर्षांची. विमा पहिल्यांदाच घेते आहे. टर्म, एंडोमेंट आणि युनिट-लिंक्ड यांत फरक काय, ते साध्या भाषेत थोडक्यात कळवा. महिन्याला दोन हजारांवर जमणार नाही. मला काही झालं तर मुलांचं निभावलं पाहिजे, बाकी मला काही नको. कृपया ईमेलवरच उत्तर द्या.’

फोन नंबर दिला नव्हता. मी नेहमीचा ईमेल उघडला, वरती ‘आदरणीय मॅडम’ टाकलं आणि पाठवणार, तेवढ्यात साहेब माझ्या मागे उभे. त्यांनी स्क्रीनवरचं तिचं पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं रक्तदाब वाढला.

हे समजायला आणखी एक गोष्ट माहीत हवी. हेड ऑफिस वर्षातून एक-दोनदा खोटं गिऱ्हाईक पाठवतं. नवख्या माणसाचं सोंग घेऊन कुणीतरी पत्र लिहितं किंवा शाखेत येऊन बसतं, भोळे प्रश्न विचारतं, आपण काय थापा मारतो ते टिपून घेतं आणि वरती अहवाल देतं. नदीपलीकडच्या शाखेच्या साहेबांची बढती अशाच एका अहवालात बुडाली. तेव्हापासून आमच्या साहेबांना झाडामागे, दारामागे, सगळीकडे खोटं गिऱ्हाईक दिसतं. मागच्या वर्षी त्यांनी पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला बसवून पॉलिसीच्या अटी वाचून दाखवल्या होत्या.

साहेबांनी सोनेरीला केबिनमध्ये बोलावलं, मलाही बोलावलं आणि दार लावलं. मग आपली बुद्धी चालवली. त्यांचं म्हणणं असं, की खरं गिऱ्हाईक असं लिहीतच नाही. खरं गिऱ्हाईक विचारतं, किती टाकले तर किती मिळतील. ही बाई तिन्ही प्रकारांची नावं बरोबर लिहिते. पूर्णविराम जागच्या जागी देते. फोन नंबर देत नाही, म्हणजे बोलणं नको, लेखी पुरावा हवा. आणि वर ‘बाकी मला काही नको’ म्हणते. असं कुणी म्हणतं का? सोनेरीने मान डोलावली. एवढ्या वर्षांत मला काही नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलंच नव्हतं, असं तो म्हणाला. हे त्याचं खरं होतं, कारण तो कुणाला बोलूच देत नाही.

मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. एक बाई सरळ प्रश्न विचारते आणि या दोन शहाण्यांना तो सापळा वाटतो. साहेब म्हणाले, बाई, या वेळी खरंखुरं लिहा. अगदी पुस्तकात असतं तसं. लपवाछपवी नको, फोटो नको, ठळक काही नको.

एकोणीस वर्षांत मला हा हुकूम पहिल्यांदा मिळाला. मी जागेवर गेले आणि वीस मिनिटांत लिहून टाकलं. मला ते सगळं तोंडपाठ होतं, हेच जास्त लाजिरवाणं.

‘नमस्कार. तुम्ही विचारलंत ते थोडक्यात.

टर्म म्हणजे निव्वळ विमा. ठरलेल्या मुदतीत तुमचा मृत्यू झाला तर घरच्यांना पूर्ण रक्कम मिळते. मुदत संपेपर्यंत तुम्ही सुखरूप असलात तर काही परत मिळत नाही. पैसे फक्त जोखमीचे घेतले जातात, म्हणून थोड्या हप्त्यात मोठं कव्हर बसतं. तुमच्या वयाला चोवीस वर्षांसाठी पन्नास लाखांचं कव्हर महिना साधारण हजाराच्या आत बसावं. तब्येतीनुसार हप्ता वाढू शकतो.

एंडोमेंट म्हणजे थोडा विमा आणि थोडी बचत. मुदत संपल्यावर तुम्ही असाल तर ठरलेली रक्कम मिळते, आणि पॉलिसी बोनसची असेल तर कंपनी जाहीर करेल तो बोनसही. आधी काही झालं तर घरच्यांना मिळते. पण हप्त्याचा मोठा भाग बचतीत जातो. महिना दोन हजारांत वीस वर्षांचं कव्हर साधारण चार-पाच लाख होईल. परतावा बेताचा असतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत मोडलीत तर भरलेल्यातले बरेचसे पैसे जातात.

युनिट-लिंक्डमध्ये हप्त्यातून वेगवेगळी शुल्कं आणि विम्याचा खर्च कापला जातो आणि उरलेले पैसे बाजारात गुंतवले जातात. बाजार चढला तर फायदा, पडला तर तोटा, आणि तो तोटा तुमचा. पहिली पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत. कव्हर साधारण वर्षाच्या हप्त्याच्या दहा पट असतं. म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे दोन लाख चाळीस हजार. मृत्यू झाल्यास ते कव्हर किंवा जमलेला निधी, यांत जे जास्त असेल ते मिळतं.

तुम्हाला मुलांची सोय हवी आहे आणि हप्ता मर्यादित आहे. तेव्हा टर्म घ्या. उरलेले पैसे बाजूला वेगळे साठवा. अर्जात आजार, औषधं, तंबाखू, काही असेल ते खरं लिहा, नाहीतर पुढे घरच्यांचा दावा अडकतो. आणि कंपनीने अर्ज मंजूर केल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, म्हणून उशीर करू नका.’

एरवी माझं पत्र साहेबांच्या टेबलावर तीन दिवस मुरतं. हे दहा मिनिटांत मंजूर झालं. साहेबांना शेवटी एक वाक्य घालायचं होतं, ‘आपला विश्वास हेच आमचं भांडवल’. मी म्हटलं, साहेब, पुस्तकात असलं काही नसतं. त्यांनी ते घाईघाईने खोडलं. सोनेरीने पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि विचारलं की हजाराच्या आत असं लिहायलाच हवं होतं का. बाई दोन हजार द्यायला तयार आहे आणि आपणच तिला सांगतोय की निम्म्यात भागेल. त्याला खरंच दुःख झालं होतं. मी त्याला म्हटलं, सोनेरी, ती खोटी आहे ना, मग तुझं काय जातंय? तेव्हा तो जरा सावरला.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. पत्र वाचलं, समजलं, आभार, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत येते.

शुक्रवारी शाखेत पाहुणे मुलगी बघायला यावेत तशी तयारी. साहेबांनी कोरी कपबशी काढायला लावली. युनिट-लिंक्डची माहितीपत्रकं काउंटरवरून उचलून कपाटात कोंबली. ती आली तेव्हा साधी सुती ओढणी, हातात पिशवी, उजव्या अंगठ्याला मोठ्या कात्रीने पडलेला जाड घट्टा. साहेबांनी तो घट्टा पाहिला आणि नंतर माझ्या कानात म्हणाले, बघा बाई, किती बारकाईने तयारी करून पाठवतात. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, असं मला वाटून गेलं.

सोनेरीने तर त्या दिवशी कमालच केली. तिने विचारलं की तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, ते लिहायचं का. एरवी सोनेरी अशा वेळी हात हलवतो आणि म्हणतो, राहू द्या हो, एवढं कोण बघतं. नंतर ते गिऱ्हाईक मेलं आणि दावा नाकारला गेला की पत्र लिहायला मी आहेच. पण त्या दिवशी त्याने स्वतः पेन पुढे केलं. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, कधीपासून, डॉक्टरचं नाव, सगळं लिहून घेतलं. हप्ता थोडा वाढेल पण पुढे मुलांना त्रास होणार नाही, असं समजावलंही. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला चक्कर यायची बाकी होती. इतकी वर्षं या माणसाला सगळं माहीत होतं, आणि किती छान सांगता येत होतं.

अर्ज पूर्ण झाला. तिने सही केली, पहिला हप्ता जमा करायला कार्ड काढलं आणि मशीनमध्ये नंबर टाकला. पावती बाहेर आली. ती पावती घडी करून पिशवीत ठेवून, चहाचे आभार मानून ती गेली. वैद्यकीय तपासणीचा दिवस कळवू, असं तिला सांगितलं होतं.

दार बंद झालं आणि आमचे तिघांचेही डोळे उघडले. कारण खोटं गिऱ्हाईक सगळं करतं, पण पैसे भरत नाही. अर्जावर सही करायच्या आधी ते ‘घरी विचारून सांगते’ म्हणून उठतं. हे शाखेतल्या झाडूवाल्यालासुद्धा माहीत आहे. साहेब पावतीच्या प्रतीकडे बघत राहिले. सोनेरी खुर्चीत बसला आणि म्हणाला, ही खरी होती. ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात लोक पाकीट मारलं गेल्याचं सांगतात.

मग जे व्हायचं तेच झालं. भीती गेली आणि भूक लागली. सोनेरी म्हणाला, अर्ज अजून आपल्याच हातात आहे, वरती गेलेला नाही. दोन हजार तयार असलेलं गिऱ्हाईक हजारावर सोडायचं म्हणजे मूर्खपणा. साहेब म्हणाले, महिनाअखेर आहे. एवढं पुरे झालं. अर्ज सोनेरीच्या खणात गेला आणि मला दुसरा ईमेल लिहायचा हुकूम सुटला. विषय: ‘आधीच्या पत्रासंदर्भात थोडं अधिक’.

मी म्हणू शकले असते, की मला जमणार नाही. ऐकायला बरं वाटेल म्हणून तसं सांगताही आलं असतं. पण मी लिहिला. एकोणीस वर्षांची सवय, नोकरीची आणखी सहा वर्षं, आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही. बघा, असलं पत्र मी कसं लिहिते. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. खोटं लिहायला मी काय कच्ची आहे? ‘टर्ममध्ये मुदत संपल्यावर भरलेली रक्कम परत मिळत नाही, हे आपण लक्षात घेतलं असेलच.’ खरं आहे. ‘युनिट-लिंक्डमध्ये त्याच दोन हजारांत विमाही राहतो आणि मुलांच्या शिक्षणासाठी निधीही उभा राहू शकतो.’ हेही खरं, ‘शकतो’ हा शब्द आहे ना. कव्हर किती राहतं, तो आकडा मी दिला नाही. कोणी विचारला नव्हता. शेवटी लिहिलं, ‘आपला निर्णय कळेपर्यंत आपला अर्ज आम्ही राखून ठेवला आहे.’

राखून ठेवला आहे. किती आपुलकीचं वाक्य. त्याचा अर्थ असा, की बाईने पैसे भरले, पावती पिशवीत आहे, घरी नवऱ्याला सांगितलं असेल की आता काळजी नाही, आणि तिच्या डोक्यावर एका पैशाचंही कव्हर नाही. उद्या कारखान्यातून येताना रस्त्यावर काही झालं, तर तिच्या पोरांना तिने भरलेला एक हप्ता परत मिळाला असता. हे आम्हा तिघांना माहीत होतं. साहेबांनी पत्र वाचून मला शाबासकी दिली, बाई, तुमच्या हाताला गुण आहे, म्हणाले. त्या रात्री मी जेवले आणि झोपले, नेहमीसारखी. झोप लागली नाही वगैरे काही नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तिचं उत्तर आलं नाही. सोनेरी म्हणाला, विचार करतेय, मासा गळाला लागतोय. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतः आली.

या वेळी कोरी कपबशी नव्हती. सोनेरी हसत पुढे झाला आणि युनिट-लिंक्डचं रंगीत माहितीपत्रक उघडू लागला. तिने ते हातात घेतलंच नाही. पिशवीतून दोन कागद काढले. दोन्ही ईमेल तिने कारखान्याच्या ऑफिसातून छापून आणले होते. ते काउंटरवर शेजारीशेजारी ठेवले, कापड कापायच्या आधी ठेवतात तसे, कडेला कड लावून. मग विचारलं, हे लिहिणारं माणूस कोण?

साहेब बाहेर आले, म्हणाले, मॅडम, पत्राखाली माझं नाव आहे, मला विचारा. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली की नाव दिसतंय, पण हे दोन्ही कागद एकाच हातचे आहेत आणि तो हात तुमचा वाटत नाही. साहेबांना राग यायला हवा होता. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. असा आमचा सेनापती.

ती माझ्या टेबलापाशी आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली बारा मिनिटं येण्यात गेली, असं तिने सांगितलं. आवाजात राग नव्हता. चुकलेली बाही कामगाराला दाखवताना बोलत असेल, तसं बोलत होती.

तिचं म्हणणं असं. पहिल्या कागदात तिन्ही ठिकाणी कव्हरचा आकडा आहे. पन्नास लाख, चार-पाच लाख, दोन लाख चाळीस हजार. दुसऱ्या कागदात एकही आकडा नाही. पहिल्यात ‘घ्या’ असं लिहिलंय, दुसऱ्यात सगळीकडे ‘शकतो’ आणि ‘लक्षात घेतलं असेलच’. चार दिवस ती आणि तिचा नवरा हे दोन कागद समोर ठेवून बसत होते. नवरा म्हणाला, आपल्यालाच काही कळत नसेल, मोठ्या लोकांनी दुरुस्ती केलीये म्हणजे काही कारण असेल. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. काल तर ती दुसऱ्या कागदाप्रमाणे सही करायला तयार झाली होती.

“मी तुम्हाला एकच विचारते, ताई,” ती म्हणाली. “यातला खरा कागद कोणता?”

साहेब माझ्यामागे खाकरले. सोनेरी पिनशी चाळा करत होता. दोघांनाही वाटत होतं की मी काहीतरी गोड, गुळगुळीत बोलेन, कारण आजवर मी तेच केलं होतं. मलाही तेच वाटत होतं. वाक्य तयारसुद्धा होतं, ‘दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.’ पण तिने तो आकड्यांचा कागद माझ्या बाजूला सरकवला, आणि मला दोन लाख चाळीस हजार हा माझाच आकडा वाचायला लागला. एवढ्यात नऊ आणि पाच वर्षांची दोन पोरं आणि कंबर धरून बसलेला माणूस किती दिवस काढतील, हा हिशेब मी तोवर केलाच नव्हता. जेमतेम वर्षभर.

“पहिला,” मी म्हणाले.

“मग दुसरा का लिहिला?”

साहेब म्हणाले, बाई, आत या जरा. मी गेले नाही. मला त्या दोघांची इतकी किळस आली, की माझ्या स्वतःच्या किळसेला जागाच उरली नव्हती. ती नंतर आली.

“पहिला लिहिला तेव्हा तुम्ही खऱ्या आहात असं आम्हाला वाटलं नव्हतं,” मी म्हणाले. मग तिला सगळं सांगितलं. हेड ऑफिस खोटी गिऱ्हाइकं पाठवतं, तुम्ही त्यातल्या आहात असं वाटलं, म्हणून खरं लिहिलं. तुम्ही पैसे भरलेत तेव्हा कळलं की तुम्ही खऱ्या आहात. मग दुसरा कागद लिहिला. तुमचा अर्ज त्या खणात आहे. तुम्हाला आत्ता काहीच कव्हर नाही.

पिशवीच्या बंदावर तिचा अंगठा मागेपुढे होत होता. सोनेरी काहीतरी गैरसमज, गैरसमज असं पुटपुटला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. खणाकडे बोट केलं. मी उठले, सोनेरीला बाजूला केलं, अर्ज काढला, आणि तिच्यासमोर स्कॅन करून वरती पाठवला. पोच येईपर्यंत ती उभी राहिली. पोच आली, तपासणीची तारीख आली, शनिवार सकाळ. तिने मला दोन्ही छापून द्यायला लावलं आणि आकडा न आकडा वाचून पाहिला. साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बहुधा हेड ऑफिसला माझ्याबद्दल लिहायला. ते पत्र त्यांना स्वतःलाच लिहावं लागणार होतं, त्यामुळे मला फारशी चिंता नव्हती.

सुट्टी संपायला सात-आठ मिनिटं उरली असतील. तिने पहिला ईमेल घडी करून पिशवीत ठेवला. दुसरा काउंटरवरच राहू दिला. दाराशी जाऊन ती थांबली आणि परत वळली.

“खोट्या गिऱ्हाइकांना तुम्ही खरं सांगता,” ती म्हणाली. “मग माझ्याआधी जी खरी आली असतील, त्यांचं काय?”

मी काउंटरवरचा तो दुसरा कागद उचलला. एकोणीस वर्षं कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार असतं, तेवढ्यासाठीच मला पगार मिळतो. तिने घड्याळ पाहिलं. मग तिला कामावर जायचं होतं, म्हणून ती गेली.